तोळ्याचा कापूस आणि देशाचा हिशेब

माझे मामा काटोलजवळच्या एका गावात आयुष्यभर कापूस पेरत आले. वय आता ऐंशीच्या पुढे. नागपुरात माझ्याकडे आले की एक वाक्य ठरलेलं असतं. "तवा एक क्विंटल कापूस इकला का तोळाभर सोनं येत होतं बावा. आता मोज किती क्विंटल लागतात ते." मी मोजून सांगतो. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये आहे आणि सोन्याने दहा ग्रॅमला लाखाची पातळी कधीच ओलांडली आहे. म्हणजे बारा क्विंटलच्या वर. मामा मान हलवतात. उत्तर त्यांना माहीतच असतं, ते फक्त माझ्याकडून वदवून घेतात.

मी कॉलेजात बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. 'व्यापारशर्ती' हे प्रकरण दरवर्षी यायचं. निर्यात मालाच्या किमतींचा निर्देशांक भागिले आयात मालाच्या किमतींचा निर्देशांक, गुणिले शंभर. मुलं सूत्र पाठ करून पाच मार्क घेऊन जायची. मामांचं वाक्य म्हणजे नेमकं तेच सूत्र आहे हे माझ्याही लक्षात उशिराच आलं. आपण जे विकतो त्याच्या एका मापात, आपण जे विकत घेतो त्याची किती मापं येतात? शेतकऱ्याला लावा, तालुक्याला लावा, देशाला लावा, प्रश्न बदलत नाही.

मामांचं माप मात्र सदोष आहे, हे आधी सांगून टाकतो. सोनं ही रोज लागणारी वस्तू नव्हे, आणि जगात घबराट पसरली की त्याचा भाव आपोआप चढतो. कापसाची खरी परीक्षा डिझेल, डीएपी खत, वेचणीची मजुरी, खाण्याचं तेल आणि नातवाची फी यांच्याशी करायला हवी. तशी केली तर चित्र इतकं भयाण दिसत नाही, पण फार बरंही दिसत नाही. तरी मामांनी प्रश्न बरोबर धरला आहे. भाव किती मिळाला यापेक्षा त्या भावात काय येतं, हे त्यांनी विचारलं. देशाच्या बाबतीत हाच प्रश्न आपण विचारत नाही, आणि त्यामुळे दोनदा आपल्या हातून काहीतरी निसटलं, असं माझं म्हणणं आहे. दोन्ही वेळा ते ज्याच्या हातून निसटलं तो माणूस एकच होता.

आधी परदेशातलं एक उदाहरण, कारण त्यात गोष्ट उघडी दिसते. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर ग्लेन स्टीव्हन्स यांनी एका भाषणात साधा हिशेब मांडला होता. पाच वर्षांपूर्वी लोहखनिजाने भरलेल्या एका जहाजाच्या किमतीत सुमारे 2,200 सपाट पडद्याचे टीव्ही यायचे. आता त्याच जहाजात सुमारे 22,000 येतात. टीव्ही स्वस्त झाले हा त्यातला एक भाग, पण मोठा भाग खनिजाच्या भावाचा होता. चीनमध्ये पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटल्या होत्या.

आता यात ऑस्ट्रेलियातल्या खाणकामगाराने वेगळं काय केलं? काहीच नाही. तोच खड्डा, तेच यंत्र, तितकंच टन. उत्पादन मोजणाऱ्या खात्याच्या दृष्टीने एक जहाज म्हणजे एक जहाज. स्थिर किमतींनी मोजलेलं सकल देशांतर्गत उत्पादन हेच सांगतं की देशाने किती वस्तू तयार केल्या. त्या वस्तूंच्या बदल्यात बाहेरून किती आणता येतं, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी उत्पन्नाचा आकडा वेगळा काढावा लागतो. निर्यातीची कमाई आयातीच्या किमतींनी भागायची, म्हणजे तिची खरेदीची ताकद कळते. अनेक देश तो आकडा नियमित छापतात. ऑस्ट्रेलियात त्या काळात उत्पन्नाचा हा आकडा उत्पादनाच्या आकड्यापुढे चांगलाच धावत होता. घाम तेवढाच गाळून देश श्रीमंत झाला होता.

किती श्रीमंत झाला, याचा अंदाज बांधायला एक ढोबळ रीत पुरते. देशाच्या उत्पन्नात निर्यातीचा वाटा पाचवा हिस्सा असेल आणि तिच्या किमती आयातीच्या तुलनेत दहा टक्क्यांनी वाढल्या, तर देशाची ऐपत साधारण दोन टक्क्यांनी वाढते. किंमत किती हलली आणि त्या किमतीवर आपण किती विकतो, या दोन्हींचा गुणाकार. दुसरा आकडा विसरला की सगळा हिशेब चुकतो. दुष्काळात कापूस निम्मा पिकला आणि भाव दीडपट झाला, तर शर्त सुधारली असं कागदावर दिसेल. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हाती आधीच्या पाऊणपटच पैसे येतील. हे मामांना सूत्राशिवाय कळतं. "भाव वाढला म्हन्जे कापूस नाही," असं ते म्हणतात, आणि वऱ्हाड-नागपूरकडे हा निष्कर्ष बहुतेक वेळा खरा ठरतो.

पण कधीकधी भाव वाढतो आणि कापूसही असतो. 2010-11 चा हंगाम तसा होता.

त्या हंगामाचा हिशेब मी सावकाश मांडणार आहे, कारण जगातली किंमत शेताच्या बांधापर्यंत कशी येते हे यातून कळतं. जगाच्या बाजारात रुईचा भाव सेंट-पाउंडात बोलला जातो. आपला शेतकरी रुई विकत नाही, कापूस विकतो, ज्यात सरकी असते. जिनिंगमध्ये एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. 34 किलो म्हणजे 75 पाउंड. म्हणजे जगात रुई पाउंडामागे दहा सेंटने वाढली, की एका क्विंटल कापसामागे साडेसात डॉलरची भर पडायला हवी. 2011 मध्ये डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण 340 रुपये. सरकीचा भाव, जिनिंगचा खर्च, वाहतूक बाजूला ठेवून हा ढोबळ नियम आहे, पण कामाचा आहे. बाजार समितीत उभं राहून कोणालाही तो लावून बघता येतो.

2010 च्या सुरुवातीला जगातला भाव 75-80 सेंट होता. मार्च 2011 मध्ये तो 2 डॉलर 40 सेंटपर्यंत गेला. म्हणजे वाढ दीड डॉलरहून थोडी जास्त. आपल्या नियमाने क्विंटलमागे पाच हजारांहून जास्त रुपयांची भर. आधीचा भाव तीन हजारांच्या आसपास धरला तर शेतकऱ्याला निदान आठ हजार दिसायला हवे होते. विदर्भात त्या हंगामात चांगल्या कापसाला सहा-सात हजार मिळाले. सगळे खूश होते. गावात मोटारसायकली आल्या, काही घरांवर स्लॅब पडले. मधल्या हजार-दोन हजारांचा विचार कोणी केला नाही, कारण मिळालेलं अनपेक्षित होतं.

तो मधला फरक काही सगळा दलालाने खाल्ला नाही. त्या वर्षी सरकारने निर्यातीला 55 लाख गाठींची मर्यादा घातली होती. गाठ आपल्याकडे 170 किलोची. मर्यादा लागली की देशाच्या आत कापूस तुंबतो आणि आतला भाव बाहेरच्या भावापासून तुटतो. त्या मार्चमध्ये आपल्या रुईची खंडी, म्हणजे 356 किलो, साठ हजारांच्या थोडी वर होती. पाउंडात उतरवलं तर पावणेदोन डॉलर. बाहेर 2 डॉलर 40 सेंट. पाउंडामागे साठ-पासष्ट सेंटची ही दरी वाहतूक आणि प्रतवारीने भरून निघत नाही.

पुढच्याच हंगामात मर्यादेवर न थांबता थेट बंदी आली. 5 मार्च 2012 ला कापसाची निर्यात थांबवण्यात आली. निर्यातयोग्य शिल्लक 84 लाख गाठींची धरली होती आणि त्यापेक्षा जास्त गाठी आधीच बाहेर गेल्या होत्या, गिरण्यांना कापूस उरणार नाही, असं कारण दिलं गेलं. खुद्द कृषिमंत्री शरद पवार यांनी या निर्णयाला उघड विरोध केला. आठवडाभरात बंदी सैल करावी लागली आणि पुढे उठलीच. पण बाजाराला जे कळायचं ते कळलं होतं: भारताकडे माल असला तरी तो मिळेलच याचा भरवसा नाही.

इथे व्यापारशर्तीचा मुद्दा नीट धरायला हवा. निर्यातीची किंमत वाढल्याने देशाची ऐपत वाढते, पण एका अटीवर: त्या किमतीला विकलं तर. दुकानात मालाचा भाव दुप्पट झाला आणि आपण शटर खाली ओढलं, तर भाववाढीचा फायदा शेजारच्या दुकानदाराला. 2012 मध्ये आपण अमेरिकेच्या खालोखाल जगाला कापूस विकणारा देश होतो. इतक्या मोठ्या विक्रेत्याने हात आखडला की जगातला भाव वर जातो, आणि तो वाढीव भाव अमेरिकेच्या आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याला मिळतो. आपला शेतकरी पडलेल्या भावात आतच विकतो.

गिरणीवाल्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. नागपूरकराने तर नेऊच नये; 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथे काढली ती कापूस दाराशी होता म्हणून, आणि ती बंद पडल्यावर किती घरं विस्कटली हे या शहराने पाहिलं आहे. गिरणीवाले म्हणतात, कच्ची रुई कशाला विकता, सूत विका, कापड विका, तयार कपडे विका. त्यात रोजगार आहे आणि किंमतही जास्त. म्हणणं बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. रुई बाहेर 2 डॉलर 40 सेंटला जात असताना गिरणीला ती पावणेदोन डॉलरला मिळाली, तर मधल्या पासष्ट सेंटची रक्कम गिरणीने कमावलेली नसते. ती शेतकऱ्याच्या खिशातून दिलेली सबसिडी असते. देशाला गिरण्या टिकवायच्या असतील तर सबसिडी जरूर द्यावी, पण ती सगळ्या देशाच्या तिजोरीतून द्यावी. आर्वी, हिंगणघाट, यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याने ती एकट्याने का भरावी?

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे मला अडवेल. मोठ्या विक्रेत्याने निर्यात थोडी आवळली तर जगातला भाव चढतो, उरलेला माल महाग विकला जातो, म्हणजे शर्ती आणखी सुधारतात, हे पुस्तकातच आहे. आहे खरं. पण त्यासाठी आवळणं मोजून-मापून, करासारखं आणि आगाऊ जाहीर करून व्हावं लागतं, म्हणजे चढलेल्या भावाचा हिस्सा तिजोरीत येतो. अर्ध्या हंगामात एका रात्रीत दार बंद केल्याने तिजोरीत एक रुपया येत नाही.

आता दुसरी वेळ. ती समजायला व्यापारशर्तीचं सूत्र उलट्या बाजूने बघावं लागतं. निर्यातीची किंमत आयातीच्या तुलनेत वाढते ती दोन प्रकारे: वरचा आकडा चढून किंवा खालचा उतरून. भारताच्या बाबतीत जास्त करून खालचाच हलतो, कारण आपल्या आयातीत कच्च्या तेलाचा वाटा मोठा आहे. जून 2014 मध्ये तेल बॅरलमागे 110 डॉलरच्या वर होतं. मग ते कोसळलं. भारत घेतो त्या तेलाची सरासरी किंमत 2013-14 मध्ये 105 डॉलर होती, 2015-16 मध्ये 46.

2013-14 मध्ये आपण 18 कोटी 90 लाख टन कच्चं तेल आणलं आणि सुमारे 143 अब्ज डॉलर मोजले. दोन वर्षांनी 20 कोटी 30 लाख टन आणलं आणि मोजले फक्त 64 अब्ज. जुन्या भावाने एवढ्या तेलाला 153-154 अब्ज लागले असते. म्हणजे बचत 90 अब्ज डॉलरची. या आकड्यावर थांबून पाठ थोपटून घेण्याची चूक बरेच जण करतात. आपण तेल फक्त पीत नाही, शुद्ध करून विकतोही. जामनगरहून जहाजं भरून पेट्रोल-डिझेल बाहेर जातं. तेल उतरलं तेव्हा त्या निर्यातीचे पैसेही जवळपास निम्मे झाले. 25 अब्जांच्या आसपास तिथे गेले. ते वजा केले तर निव्वळ लाभ 65 अब्जांचा. तेव्हाच्या दराने सव्वाचार लाख कोटी रुपये. 130 कोटी माणसांत वाटले तर पाच जणांच्या घराला वर्षाला सोळा हजार. देशाने एकही जादा पोतं न पिकवता, एकही जादा मीटर कापड न विणता त्याची ऐपत तीन टक्क्यांनी वाढली होती. दोन वर्षं लागोपाठ दुष्काळाची असताना आपली अर्थव्यवस्था कोलमडली कशी नाही, याचं मोठं उत्तर इथे आहे. त्याचं श्रेय ज्याने त्याने आपापल्या सोयीने घेतलं.

मग ते सोळा हजार आपल्या घरी आले का? वर्धा रोडवरच्या पेट्रोल पंपावर तर ते फारसे दिसले नाहीत. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्राने अबकारी कर टप्प्याटप्प्याने चढवला. पेट्रोलवरचा लिटरमागे 9 रुपये 48 पैशांवरून 21 रुपये 48 पैशांवर गेला. डिझेलवरचा 3 रुपये 56 पैशांवरून 17 रुपये 33 पैशांवर. 2014-15 मध्ये या करातून केंद्राला सुमारे 99 हजार कोटी मिळाले होते, 2016-17 मध्ये 2 लाख 42 हजार कोटी. शिवाय आधी तेल स्वस्त विकण्यापायी सरकार आणि सरकारी कंपन्या वर्षाला एक लाख चाळीस हजार कोटींच्या घरात तूट सोसत होत्या, तीही बहुतेक मिटली. म्हणजे लाभाचा निम्म्याच्या आसपास भाग या ना त्या वाटेने सरकारी हिशेबात जिरला.

यात सरकारने पाप केलं असं मी म्हणत नाही. तेल स्वस्त झाल्याचा सगळा फायदा गाडीवाल्याला देऊन टाकणं शहाणपणाचं नव्हतं. स्वस्ताई टिकणारी नसते. लोक मोठ्या गाड्या घेतात आणि चार वर्षांनी तेल चढलं की बोंब मारतात. तिजोरीची तूट कमी करणं, रस्त्यावर पैसे घालणं, दोन्ही समर्थनीय आहे. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

तेल ज्या कारणांनी पडलं त्यातली काही कापसालाही लागू होती. चीनची भूक मंदावली होती. 2014 पासून चीनने कापसाचा सरकारी साठा करण्याचं धोरण आवरतं घेतलं आणि जगातला भाव सत्तर सेंटच्या आसपास येऊन बसला. विदर्भात कापूस चार हजारांवर, म्हणजे हमीभावाच्या काठावर आला, आणि खेडा खरेदीत त्याहून खाली. आता बघा. देशाच्या व्यापारशर्ती सुधारत होत्या, त्याच दोन वर्षांत कापूस उत्पादकाच्या व्यापारशर्ती बिघडत होत्या. तो जे विकतो ते पडलं; तो जे विकत घेतो त्यातली एकच मोठी गोष्ट जगात स्वस्त झाली होती, डिझेल, आणि तिची स्वस्ताई वाटेत करात अडली. 2011 मध्ये कापूस चढला तेव्हा निर्यातीची मर्यादा आली, म्हणजे चढाचा वाटा कापला गेला. 2015 मध्ये तेल उतरलं तेव्हा कर आला, म्हणजे उताराचा वाटाही कापला गेला. दिल्लीत बसून पाहिलं तर हे दोन वेगळ्या खात्यांचे, दोन वेगळ्या सरकारांचे, आपापल्या जागी समजण्यासारखे निर्णय होते. काटोलच्या ओट्यावरून ते एकच दिसतात.

म्हणून 'देशाच्या व्यापारशर्ती सुधारल्या' हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो: देशातल्या कोणाच्या? सरासरी आकड्याला शेत नसतं. निर्देशांकातही गोम असते. आपल्याकडे तो कस्टममधल्या नोंदींवरून काढतात, एकूण किंमत भागिले एकूण नग किंवा टन. निर्यातीत साधा तांदूळ कमी होऊन बासमती वाढला, तर कोणत्याच तांदळाचा भाव न वाढता 'किंमत' वाढलेली दिसते. त्यामुळे एका वर्षाच्या उडीवर विश्वास ठेवू नये. कोणत्या मालामुळे उडी आली ते आधी बघावं. तेलामुळे आली असेल तर ती खरी असते, पण तेवढीच क्षणभंगुर.

क्षणभंगुर का, याची साक्ष पुन्हा ऑस्ट्रेलियाकडूनच घेऊ. 2011 मध्ये टनाला 180 डॉलरच्या वर गेलेलं लोहखनिज 2015 च्या अखेरीला 40 डॉलरवर आलं. तेजीच्या काळात त्यांचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या वर चढला होता आणि त्यामुळे बाकी सगळ्यांची निर्यात महागली. त्यांचा मोटार उद्योग आधीच धापा टाकत होता, त्यात ही भर पडली. 2017 च्या ऑक्टोबरपर्यंत तिथले मोटारींचे कारखाने बंद झाले. खनिजाचा भाव पडला म्हणून ते काही परत उघडले नाहीत.

चिलीने हेच वेगळ्या रीतीने केलं. तांबं हा त्यांचा कापूस. त्यांच्याकडे नियम असा की तांब्याचा दीर्घकाळचा भाव काय असेल याचा अंदाज सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती बांधते, आणि अंदाजपत्रक त्या भावावर आखायचं. प्रत्यक्ष भाव वर गेला तर जादा पैसा बाजूला पडतो. 2007 मध्ये त्यासाठी वेगळा निधी उभा केला. तेव्हाचे अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांच्यावर लोक चिडले, तिजोरी भरलेली असताना खर्च का करत नाही म्हणून मोर्चे निघाले. 2008 मध्ये जग कोसळलं, तांबंही कोसळलं, आणि 2009 मध्ये चिलीने कोणापुढे हात न पसरता साठवलेला पैसा बाहेर काढला.

आपण चिली नाही. आपल्याला विकण्यासारखं एकच तांबं नाही, आणि आपला लाभ येतो तो बहुतेक आयात स्वस्त होऊन. पण नियमाचं मूळ उचलता येतं. तेलावरचा कर कोणत्या भावाला किती, हे आधीच तक्त्यात लिहून ठेवा. अमुक डॉलरच्या खाली तेल गेलं की कर इतका वाढेल, तमुकच्या वर गेलं की इतका उतरेल. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये सरकारने कर उतरवला होता, म्हणजे उतरवता येतो हे सिद्ध आहे. पण तो आरडाओरड झाल्यावर उतरला, नियमाने नव्हे. आणि चढत्या कराचा एक ठरलेला भाग त्या वर्षी ज्यांच्या शर्ती बिघडल्या त्यांच्याकडे जावा. कापूस, सोयाबीन, तूर, ज्याचा भाव ज्या वर्षी जगामुळे पडला त्याच्याकडे. ही खैरात नव्हे. जो बदल देशाला वर नेतो आणि त्याला खाली, त्याच बदलातून आलेल्या पैशातला हा हिस्सा आहे.

कापसाबाबत तर मी इतकंही मागणार नाही. हंगाम सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत, एवढंच. निर्यातबंदी तर नकोच. आवळायचंच असेल तर पेरणीपूर्वी जाहीर केलेला छोटा कर चालेल. आयात शुल्कालाही हीच अट असावी. फेब्रुवारी 2021 पासून बाहेरच्या कापसावर 11 टक्के शुल्क होतं. ऑगस्ट 2025 मध्ये ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग लगेच वर्षअखेरपर्यंत माफ केलं. अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्क्यांपर्यंत कर लादला होता, कपडे निर्यातदार अडचणीत होते, त्यांना स्वस्त रुई हवी होती, हे सगळं खरं. गिऱ्हाईकाने जकात वाढवली की विकणाऱ्याची शर्त बिघडते. बांगलादेशाने संत्र्यावरचं शुल्क वाढवत नेलं तेव्हा वरूड-मोर्शीने ते अनुभवलंच आहे. पण या वेळी जो धक्का कपड्याला बसला तो सरकवला कुठे? ज्याने जूनमध्ये 11 टक्क्यांची भिंत आहे असं समजून सरकी टोबली होती, त्याच्याकडे.

त्या दिवाळीच्या आधी मामा आले होते. शेतात पहिली वेचणी होऊन सीतादहीची पूजाही झाली होती. मी त्यांना शुल्काचं सगळं समजावून सांगितलं, तक्ता काढून दाखवला, डॉलर-सेंट-पाउंड केलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुया हिशेब बराबर हाये. पन मले एक सांग, हे जूनमंदी काऊन नाही सांगत कोनी? म्या सोयाबीन नसतं पेरलं काय?"